बोर्दाची गुणपद्धत : प्रामाणिकांसाठी रचलेली मतमोजणी

१/
१७७० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर झाँ-शार्ल द बोर्दा यांनी निवडणुकीच्या गणितावर एक निबंध वाचला. बोर्दा हे नौदलातील गणिती आणि अभियंते होते. पुढे मीटर हे एकक ठरवण्यासाठी फ्रान्समध्ये जी मोजणी झाली, तिच्यातील कोन त्यांनी सुधारलेल्या उपकरणाने मोजले गेले. या निबंधात मात्र त्यांनी माणसांची पसंती मोजायला घेतली होती.

२/
त्यांचा आक्षेप नेहमीच्या मतदानावर होता. ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी, हा नियम निर्विवाद वाटतो. बोर्दांनी २१ मतदार आणि तीन उमेदवारांचे उदाहरण घेऊन तो फसवा असल्याचे दाखवले. मतदारांचे पसंतिक्रम असे :

१ मतदार : अ, ब, क
७ मतदार : अ, क, ब
७ मतदार : ब, क, अ
६ मतदार : क, ब, अ

३/
केवळ पहिली पसंती मोजली तर अ ला ८, ब ला ७ आणि क ला ६ मते पडतात. अ विजयी ठरतो. पण उरलेल्या १३ मतदारांनी अ ला सर्वांत शेवटी ठेवले आहे. बहुसंख्यांना जो मुळीच नको, तोच निवडून येतो, कारण त्याच्या विरोधकांची मते दोघांत विभागली गेली.

४/
बोर्दांचा उपाय सोपा होता. प्रत्येक मतदाराने सर्व उमेदवारांचा क्रम लावावा. पहिल्याला ३, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला १ गुण द्यावा, आणि शेवटी गुणांची बेरीज करावी. या रीतीने अ ला ३७, ब ला ४२ आणि क ला ४७ गुण मिळतात. पहिल्या मोजणीत तळाशी असलेला क आता पहिला येतो. समोरासमोरच्या लढतीतही क हा अ आणि ब या दोघांना १३ विरुद्ध ८ असे हरवतो, म्हणजे हा निकाल न्याय्यच आहे.

५/
पुढे अकादमीने आपल्या सभासदांच्या निवडीसाठी ही पद्धत स्वीकारली. तिच्यातली फट मात्र लवकरच लक्षात आली. मतदाराने दिलेला क्रम हा त्याच्या मनातलाच क्रम असेल, असे ती गृहीत धरते.

६/
ब चे ७ समर्थक पाहा. त्यांचा खरा क्रम ब, क, अ असा आहे. क जिंकतो आहे हे पाहून ते क ला मुद्दाम तळाशी ढकलतात आणि मतपत्रिकेवर ब, अ, क असे लिहितात. आता क चे ७ गुण घटून ४० होतात, ब चे ४२ तसेच राहतात, आणि अ चे वाढून ४४ होतात. निवडून येतो अ, म्हणजे या सातही जणांना जो सर्वांत नको होता तो. क ला पाडण्यासाठी त्यांनी अ ला दिलेले गुण त्यांच्याच अंगावर उलटले.

७/
हा डाव अनेक गट एकाच वेळी खेळले, तर प्रबळ उमेदवार एकमेकांच्या समर्थकांकडून तळाशी ढकलले जातात आणि कोणालाच फारसा धोकादायक न वाटणारा सामान्य उमेदवार वर येतो. लाप्लास यांनी या पद्धतीचा हाच दोष दाखवून दिला.

८/
दुसरी युक्ती अधिक सूक्ष्म आहे, कारण तिच्यात एकही मतदार खोटे बोलत नाही. ब चा गट ड नावाचा एक जास्तीचा उमेदवार उभा करतो. ड हा ब सारखाच, पण किंचित उणा, म्हणून प्रत्येक मतदार प्रामाणिकपणे त्याला ब च्या लगेच खाली ठेवतो. आता गुण ४, ३, २, १ असे आहेत.

९/
बेरीज अशी येते : अ ४५, ब ६३, क ६०, ड ४२. ब जिंकला! ब आणि क यांच्याविषयी एकाही मतदाराचे मत बदललेले नाही. झाले इतकेच, की ज्या ८ मतदारांनी ब ला क च्या वर ठेवले होते, त्यांच्या पत्रिकेत ड मध्ये शिरला आणि दोघांतील अंतर एका गुणाऐवजी दोन झाले. ज्यांनी क ला वर ठेवले, त्यांच्या पत्रिकेत ड दोघांच्याही खाली गेला आणि अंतर तसेच राहिले. क ची ५ गुणांची आघाडी जाऊन ब ची ३ गुणांची आघाडी झाली.

१०/
अकादमीतील बोर्दांचे सहकारी कॉन्दोर्से यांनी १७८५ च्या ग्रंथात वेगळी वाट धरली. गुण देण्याऐवजी दोन-दोन उमेदवारांची समोरासमोर तुलना करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्या तुलनेत ड आला काय नि गेला काय, क आणि ब यांचा निकाल १३ विरुद्ध ८ असाच राहतो. पण त्या वाटेवर दुसरी अडचण होती. कधी अ हा ब ला, ब हा क ला आणि क पुन्हा अ ला हरवतो, आणि विजेता कोणीच उरत नाही.

११/
आपली पद्धत केवळ प्रामाणिक माणसांसाठी आहे, असे उत्तर बोर्दांनी टीकाकारांना दिल्याचे सांगितले जाते. ड चे उदाहरण पाहिले तर ते उत्तरही अपुरे पडते. तेथे सर्व २१ मतदार प्रामाणिकच होते. निकाल फिरला तो मत देताना नव्हे, तर उमेदवारांची यादी ठरवताना.