प्रिंटरवर ‘Carriage Jam’ दिसतंय? जोर लावण्याआधी हे तपासा

इंकजेट प्रिंटरचा कार्ट्रिज होल्डर, म्हणजेच कॅरेज, एका बाजूला अडकला की ‘Carriage Jam’ हा एरर येतो. बटणाने प्रिंटर बंद केल्यास अनेक मॉडेल्समध्ये कॅरेज कडेला जाऊन लॉक होतो. त्यामुळे प्रिंटर सुरू असतानाच पॉवर केबल काढा, झाकण उघडा आणि कॅरेज हाताने हळूच सरकवून पाहा.

तो एकाच जागी अडत असेल, तर तिथे कागदाचा तुकडा शोधा. कार्ट्रिज नीट बसलंय का, तेही बघा.

सहज सरकत असूनही एरर येतोय? मग कॅरेजमागची पारदर्शक पट्टी पाहा. तिच्यावरच्या बारीक रेषांवरून प्रिंटरला कॅरेजची जागा कळते. रेषांवर शाई सांडली की हिशेब चुकतो. पट्टी न ताणता ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा.