वादळाखाली दडलेली पहिली ओळ

मरणपंथाला लागलेल्या बाईने बायबल मागितले होते. डमी डनेकर खिशात घालून घेऊन आला ते नाटकांचे पुस्तक.

लंडनच्या एका बकाल वस्तीत तो दारोदार फिरला होता. बायबल कोणाकडेच नव्हते. अखेर एका खाटकाने हे नाटकांचे पुस्तक पुढे केले. त्याची बांधणी हुबेहूब बायबलसारखी होती. बिचारीला फरक कळणारही नाही, असा त्यामागचा हिशेब. बाई एका गुत्त्यात शेवटचे श्वास मोजत होती आणि तिचा लहानगा मुलगा तिथेच होता. हाच मुलगा पुढे वाटमाऱ्या करणार होता.

हा प्रसंग एडवर्ड बुलवर-लिटन याच्या ‘पॉल क्लिफर्ड’ या १८३० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या अगदी आरंभीच्या पानांवर आहे. तरीही तो फारसा कोणाला ठाऊक नाही. जगाच्या लक्षात राहिले ते त्याच्या आधीचे, पन्नासहून अधिक शब्दांचे एक वाक्य. त्यात काळोखी रात्र आहे, वादळ आहे, मुसळधार पाऊस आहे. हा पाऊस सतत पडत होता असेही नाही, अधूनमधून वाऱ्याचे झोत त्याला अडवत होते, अशी दुरुस्ती त्याच वाक्यात आहे. कथा लंडनमध्ये घडते ही माहिती कंसात टाकलेली आहे. शेवटी छपरांवरचा खडखडाट आणि मिणमिणते दिवे. एवढे सगळे होईपर्यंत वाक्यात एकही माणूस आलेला नसतो.

वादळी रात्रीची ही शब्दयोजना बुलवर-लिटनची स्वतःची नव्हतीच. वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८०९ सालच्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासातही ती आढळते. पण चेष्टा झाली ती बुलवर-लिटनची. ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला स्नूपी नावाचा कुत्रा टंकलेखन यंत्रापुढे बसून आपली प्रत्येक कादंबरी याच शब्दांनी सुरू करू लागला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक स्कॉट राइस यांनी जाणूनबुजून लिहिलेल्या भिकार पहिल्या वाक्यांची स्पर्धा सुरू केली आणि तिला याच लेखकाचे नाव दिले. आपल्या काळात तुफान खपलेल्या लेखकाच्या वाट्याला असे अमरत्व आले. (याचाच मुलगा १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला.)

आता दोष नेमका कुठे आहे ते पाहू. तो वाक्याच्या लांबीत नाही, आणि केवळ पावसातही नाही. ते वादळ उचलून दुसऱ्या कोणत्याही कादंबरीच्या डोक्यावर ठेवता येते. खुनाच्या कथेला ते चालेल, भुताच्या चालेल, विरहाच्याही चालेल. जी ओळ कुठेही बसते, ती पुढच्या मजकुराविषयी काहीच सांगत नाही. जुन्या मराठी पत्रांत मायना असे, क्षेमकुशल असे, आणि मग ‘विशेष’ हा शब्द येई. खरी बातमी तिथून पुढे. दप्तर चाळणारा संशोधक आधी तोच शब्द शोधतो. बुलवर-लिटनचे वादळ म्हणजे असा मायना आहे. त्याच्या कथेतले ‘विशेष’ आहे बायबलच्या जागी आलेले ते पुस्तक.

हेच ‘विशेष’ पहिल्या ओळीत आणायचे ठरवले, तर मोह पडतो तो प्रश्नाचा: मरणाऱ्या माणसाला अखेरीस काय हवे असते? असा प्रश्न वाचकाला काहीही न देता त्याच्याकडून कुतूहल मागतो. उत्तर लेखकाला ठाऊक आहे आणि तो ते मुद्दाम दडवतो आहे, हे वाचकाला चटकन कळते. मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच, हे सुभाषितवजा वाक्यही तितकेच निरुपयोगी. ते खरे आहे, पण डमी डनेकरविषयी ते काही बोलत नाही.

तिसरा मार्ग इतिहासलेखकांचा विशेष आवडता: सन, ग्रंथ आणि लेखकाचा परिचय देऊन सुरुवात करणे. ही माहिती आवश्यक असते, पण तिची गरज वाचकाला अजून वाटलेली नसते. पुस्तकाची अदलाबदल कळल्यावर हे केव्हाचे, कुठले, असे त्याच्याच मनात येते. सन तिथे सांगितला की तो उत्तर होतो. आधी सांगितला तर नुसती नोंद राहतो.

मग सर्वांत नाट्यमय क्षणच का उचलू नये? तो या कादंबरीत शेवटाकडे येतो. न्यायासनावर बसलेल्या ब्रँडनला ऐन खटल्यात चिठ्ठी मिळते. समोरचा आरोपी त्याचाच हरवलेला मुलगा असतो. तरीही तो त्याला मृत्युदंड सुनावतो. ओळ म्हणून हे जबरदस्त आहे, पण ती वापरली की पुढची सारी कथा तिच्या उताराला लागते. शिवाय मुलगा चोर कसा झाला हे कळण्याआधीच निकाल हाती येतो, आणि कादंबरीचा रोख तर तिथेच आहे. क्रूर दंडसंहिता आणि गुन्हेगार घडवणारे तुरुंग यांच्यावर बुलवर-लिटनला प्रहार करायचा होता.

म्हणून बायबलचा प्रसंग अधिक उपयोगी. त्यात माणूस आहे, हाताने धरता येईल अशी वस्तू आहे, आणि मागितलेले व मिळालेले यांत अंतर आहे. वस्तीची अवस्था वेगळी वर्णावी लागत नाही. बायबल न सापडणे तेच सांगते. पहिला मसुदा असा होऊ शकतो: एका गरीब, आजारी आणि अत्यंत दुःखी स्त्रीसाठी डमी नावाचा माणूस बायबल शोधत होता. यातली तिन्ही विशेषणे जातात, कारण मरण पुरेसे बोलके आहे. ‘शोधत होता’ जाते, कारण शोध ही घटना नव्हे, घटनेची वाट पाहणे आहे. उरते मागणे आणि आणणे. नाटकांचे पुस्तक वाक्याच्या अगदी शेवटी ठेवायचे. मराठीत क्रियापद मागे राहू शकते, त्यामुळे ‘आणले नाटकांचे पुस्तक’ असे ‘आणले ते’ म्हणून फिरवले की धक्का योग्य जागी बसतो. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात खुलासा यायलाच हवा. तो लांबवला तर हीच ओळ प्रश्नासारखी लबाड ठरते.

हवामानाला पहिल्या ओळीत कायमची बंदी नाही. तो प्रसंगाचे कारण आहे की पडदा, एवढे तपासायचे. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले, त्या प्रसंगातून पाऊस काढला तर प्रसंगच बदलतो. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल ही अपेक्षा होती, आणि ती फोल ठरली. तरीही आभाळ, विजा आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून आरंभ करण्याची गरज नाही. पाऊस एका माणसाच्या निर्णयातून आत येऊ शकतो: आषाढ उजाडला, तरी सिद्दी जौहरने पन्हाळ्याचा वेढा उठवला नाही.