एका पिक्सेलची जमीन

वेब नकाशांचा कोड उघडला की कुठे ना कुठे 156543.03392 हा आकडा भेटतोच. कुणी तो तिसऱ्या दशांश स्थळावर तोडतो, कुणी अकराव्यापर्यंत ओढतो. बहुतेक जण दुसऱ्याच्या कोडमधून उचलून आपल्या कोडमध्ये ठेवतात आणि पुढे जातात. त्याचा अर्थ तसा सरळ आहे. सगळं जग एका चौकोनी चित्रात बसवलं तर त्या चित्रातला एक पिक्सेल विषुववृत्तावर इतके मीटर जमीन व्यापतो, म्हणजे सुमारे १५६ किलोमीटर. झूम शून्यवर पृथ्वी एवढी ढोबळ दिसते. पण हा आकडा एका दमात तयार झालेला नाही. त्यात वेगवेगळ्या काळांतले थर आहेत आणि सर्वांत जुना थर साडेचारशे वर्षांपूर्वीचा आहे.

वरचा थर भागाकाराचा. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरली तर परीघ ४,००,७५,०१६.६९ मीटर येतो. त्याला २५६ ने भागलं की आपला आकडा हाती येतो. ही त्रिज्या १९७९ साली स्वीकारलेल्या जीआरएस ८० या भूमितीय प्रारूपातली आहे आणि जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ ने तीच पुढे चालवली. २५६ म्हणजे नकाशाच्या एका टाइलची पिक्सेलमधली बाजू. हा दोनाचा घात आहे आणि प्रत्येक झूमला टाइलची बाजू दुभंगून चार टाइल होतात. त्यामुळे सगळा हिशेब दुपटीनेच चालतो: झूम एक पायरी वाढला की पिक्सेलखालची जमीन अर्धी.

इथवर सगळं विषुववृत्तावर. पुण्याला किंवा लंडनला हा आकडा तसाच वापरता येत नाही आणि त्याचं कारण गेरार्डस मर्केटर. १५६९ साली डुइसबुर्गमध्ये त्याने जगाचा एक भला मोठा नकाशा छापला, अठरा तुकड्यांचा. गिऱ्हाईक होतं नाविक. होकायंत्राचा एकच कोन धरून जाणारं जहाज नकाशावर सरळ रेषेत गेलेलं दिसावं, ही त्याची अट होती. पृथ्वीवर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. नकाशावर ती समांतर उभी ठेवायची तर प्रत्येक अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर ताणावं लागतं. मग कोन बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही तेवढंच ताणावं लागतं. मर्केटरने ते ताणलं, पण नेमकं किती, याचं कोष्टक दिलं नाही. ते काम इंग्रज गणिती एडवर्ड राइट याने १५९९ च्या पुस्तकात केलं. विषुववृत्तापासून लहान लहान पायऱ्या घेत त्याने अक्षांशांचे सेकंट एकेक करून बेरजेत टाकले. ही बेरीज म्हणजे कलनशास्त्र जन्मण्याआधी हाताने केलेलं समाकलन.

पुढची गोष्ट मला फार आवडते. १६४५ च्या सुमारास हेन्री बाँड नावाच्या नौकानयनाच्या शिक्षकाच्या लक्षात आलं, की राइटचं कोष्टक आणि टँजंटच्या लॉगरिदमचं कोष्टक जुळतं. का जुळतं ते त्याला सांगता येईना. सिद्धता जेम्स ग्रेगरीने १६६८ मध्ये दिली. दोन कोष्टकं शेजारी ठेवून बाँडला जे दिसलं, ते आज प्रत्येक वेब नकाशात `log(tan(pi/4 + lat/2))` या रूपात चालतं. तो नकाशा ८५.०५ अंशांवर कापलेला असतो, तेही याच सूत्रामुळे. त्या अक्षांशावर सूत्राचं उत्तर बरोबर पाय येतं आणि नकाशा चौरस होतो. नाहीतर ध्रुव अनंतावर पळतात.

नाविकांना हा ताण नीट माहीत होता. मर्केटर पद्धतीच्या सागरी नकाशावर अंतर मोजताना ते डिव्हायडर कोपऱ्यातल्या पट्टीवर लावत नसत. आपण जिथे आहोत त्याच अक्षांशाच्या उंचीला, नकाशाच्या उभ्या कडेवर लावत. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, आणि ही कडेवरची पट्टी नकाशाबरोबरच ताणली जात असल्याने उत्तर आपोआप दुरुस्त होऊन येई. आजही अशा नकाशांवर प्रमाण लिहिताना ते कोणत्या अक्षांशावरचं आहे हे लिहिलेलं असतं.

गूगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये आलं. सिडनीच्या चार जणांनी सुरू केलेली 'व्हेअर टू टेक्नॉलॉजीज' ही छोटी कंपनी त्याच्या मुळाशी होती. गूगलच्याच एका कर्मचाऱ्याने पुढे सांगितल्याप्रमाणे अगदी पहिल्या आवृत्तीत मर्केटर नव्हता, आणि स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडच्या शहरांत काटकोनात छेदणारे रस्ते नकाशावर तिरके छेदताना दिसत. गल्लीबोळ शोधणाऱ्या माणसाला क्षेत्रफळापेक्षा कोपऱ्याचा कोन जास्त महत्त्वाचा. म्हणून जहाजांसाठी केलेली युक्ती रस्त्यांसाठी कामाला आली. फक्त एक सोपेपणा घुसवला गेला: अक्षांश घ्यायचे चपट्या पृथ्वीचे आणि सूत्र लावायचं गोल पृथ्वीचं. भूमापनवाल्यांना हे रुचलं नाही. निर्देशांक-पद्धतींची यादी ठेवणाऱ्या ईपीएसजीने याला क्रमांक द्यायला बराच काळ नकार दिला. तोवर प्रोग्रामरांनी स्वतःच 900913 हा क्रमांक चालवला. इंग्रजीत हे आकडे अक्षरांसारखे वाचले तर 'गूगल' दिसतं. अखेर EPSG:3857 हा अधिकृत क्रमांक मिळाला. भूमापनवाल्यांचा आक्षेप खोटा नव्हता. या भेसळीमुळे पुण्याच्या अक्षांशावर पिक्सेलची उभी आणि आडवी जमीन सुमारे ०.६ टक्क्यांनी वेगळी असते, किलोमीटरला सहा मीटर. रस्ता शोधायला चालेल, हद्द मोजायला नाही.

आता सूत्र:

```
resolution = 156543.03392 * cos(lat) / 2^zoom
```

राइटने जो सेकंट बेरजेत टाकला त्याचा व्यस्त म्हणजे हा कोसाइन. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश, त्याचा कोसाइन ०.९४८२. झूम १३ ला २ चा तेरावा घात ८१९२, म्हणून विषुववृत्तावर एका पिक्सेलखाली १९.११ मीटर आणि पुण्यात १८.१२ मीटर जमीन. लंडनला, म्हणजे ५१.५ अंशांवर, त्याच झूमला ११.९ मीटर. एकच झूम, पण लंडनकरांना त्यात पुणेकरांपेक्षा दीडपट बारकावा मिळतो.

या सूत्रात एक सापळा आहे आणि तो नेमका पुण्यात दडून बसतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांना `cos` मध्ये अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. रूपांतर विसरून थेट १८.५२ दिलं, तर उत्तर ०.९४६२ येतं. बरोबर उत्तरापासून जेमतेम ०.२ टक्के दूर! ६ गुणिले पाय म्हणजे १८.८५, आणि १८.५२ अंशांचे जितके रेडियन होतात, योगायोगाने जवळपास तितकंच १८.५२ त्यापासून दूर आहे, म्हणून कोड सुखाने चालतो. मुंबईच्या १९.०७ ला हीच चूक तीन टक्क्यांची होते, तीही नजरेतून सुटू शकते. नागपूरला मात्र २१.१५ टाकताच उत्तर उणे येतं. तेव्हा अशा कोडची चाचणी नागपूरवर घ्यावी. पुण्यात तपासून तो पास झाला, यावर विश्वास ठेवू नये.

नकाशाच्या कोपऱ्यातली प्रमाणपट्टी याच सूत्रावर चालते, पण ती एकाच अक्षांशाची असते, बहुधा पडद्याच्या मध्याची. झूम ५ वर कन्याकुमारी आणि श्रीनगर एका पडद्यात मावतात. शंभर पिक्सेल कन्याकुमारीशी ४८४ किलोमीटर असतात, श्रीनगरशी ४०५. मधल्या पट्टीने दोन्हीकडे मोजलं तर एकीकडे कमी भरतं, दुसरीकडे जास्त. नाविकाच्या कडेवरच्या पट्टीचं काम इथे एका छोट्या रेघेवर येऊन पडलं आहे. नकाशा उत्तरेला सरकवताना ती रेघ बदलत जाते, ते याचमुळे.

अक्षांशाचा ताण विसरण्याची चूक डेटाबेसमध्ये जास्त महागात पडते. 3857 मधले 'मीटर' हे नकाशाचे मीटर असतात. त्यात एखाद्या शाळेभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढलं तर पुण्यात जमिनीवर ते सुमारे ९५ मीटरचं भरतं, लंडनला ६२ आणि ऑस्लोला ५०. पुण्याचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून सवय लागते. तेच अंतर पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर मोजून ताडून पाहिलं की लगेच कळतं: दोन उत्तरांचं गुणोत्तर त्या अक्षांशाच्या कोसाइनइतकं आलं, तर दोष हाच.

उरलं प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा कागद हातात घेतला की एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, इतकं साधं. पडद्यावर मात्र पिक्सेलची मिलिमीटरमधली रुंदी माहीत असल्याशिवाय प्रमाण सांगताच येत नाही. ती पडद्यागणिक वेगळी, म्हणून ओजीसी या मानक संस्थेने ०.२८ मिलिमीटर असा एक मानीव पिक्सेल ठरवला. त्या काळच्या नेहमीच्या पडद्यांना तो आकडा जवळचा होता. त्याने पुण्याचे १८.१२ मीटर भागले तर झूम १३ चं प्रमाण १:६४,७०० येतं. जुन्या 'एका इंचाला एक मैल' कागदाचं प्रमाण होतं १:६३,३६०. म्हणजे पुण्यात झूम १३ उघडणारा माणूस जवळपास त्या कागदाच्याच अंतरावरून पाहत असतो, आणि १:५०,००० हवं असेल तर तो झूम १३ आणि १४ च्या मध्ये कुठेतरी अडकतो. त्याला पूर्णांक झूम नाही.

एझ्रीच्या सॉफ्टवेअरने मात्र ०.२८ ऐवजी इंचाला ९६ पिक्सेल धरले, म्हणजे पिक्सेल ०.२६ मिलिमीटरचा. म्हणून झूम शून्यचं प्रमाण एका ठिकाणी १:५५,९०,८२,२६४ वाचायला मिळतं, दुसरीकडे १:५९,१६,५७,५२७. चित्र मात्र तेच, टाइलही त्याच. फोनवर आणखी गंमत. तिथे नकाशा ज्या पिक्सेलने हिशेब करतो तो अनेकदा ०.१६ मिलिमीटरच्या आसपास असतो. मग पुण्याचा तोच झूम १३ पट्टी लावून मोजला तर १:१,१३,००० निघतो. मीटर-प्रति-पिक्सेल बदललेले नसतात, फक्त पिक्सेल आक्रसलेला असतो.

नव्या, सदिश टाइल वापरणाऱ्या नकाशांत तर मूळचा २५६ च बदलला आहे. मॅपबॉक्सच्या घराण्यातले नकाशे टाइल ५१२ पिक्सेलची धरतात, म्हणून तिथला झूम १२ हा जुन्या हिशेबातला झूम १३. त्यांच्या सूत्रात 156543 च्या जागी 78271.517 असतो. एखादा नकाशा कोणत्या जातीचा हे कळत नसेल तर तो झूम शून्यवर न्यावा आणि एकटं जग किती रुंद दिसतं ते मोजावं: २५६ पिक्सेल, की ५१२.