एका वर्तुळातून निघालेली दोन सूत्रे

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात शाफ्टचे गणित येणार हे गृहीत धरून विद्यार्थी दोन सूत्रे पाठ करतात. शाफ्टवर बेंडिंग मोमेंट M आणि टॉर्क T एकाच वेळी असतील, तर समतुल्य बेंडिंग मोमेंट ½[M + √(M² + T²)] आणि समतुल्य टॉर्क √(M² + T²). पुस्तकात ही दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असतात, त्यामुळे ती एकाच विचाराची दोन रूपे वाटतात. प्रत्यक्षात धातू कशामुळे हार मानतो, या प्रश्नाची ती दोन वेगवेगळी उत्तरे आहेत. त्यांचे मूळ मात्र एका वर्तुळात आहे, आणि ते वर्तुळही ज्याच्या नावाने आपण ओळखतो त्याच्या आधीचे आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. 1822 च्या सप्टेंबरात कोशीने तिथल्या विज्ञान अकादमीपुढे आपला विचार मांडला. भार घेतलेल्या वस्तूतला एक बिंदू घ्या. त्यातून हवी तितकी प्रतले जातात, आणि प्रत्येक प्रतलावरचा स्ट्रेस वेगळा असतो: काही भाग प्रतलाला काटकोनात ओढणारा किंवा दाबणारा, काही प्रतलावरून घसरवणारा, म्हणजे शिअर. या गर्दीत परस्परांना काटकोनात असलेली तीन प्रतले अशी सापडतातच, की त्यांच्यावर शिअर शून्य असतो, हे कोशीने दाखवले. त्यांच्यावरचे स्ट्रेस म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेस. भार कितीही गुंतागुंतीचा असो, त्या बिंदूपाशी तो तीन सरळ ओढींवर किंवा दाबांवर येऊन थांबतो.

पण पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला नुसते अस्तित्व पुरत नव्हते. प्रतले कोणत्या कोनात आहेत, हे त्याला कागदावर काढायचे होते. कार्ल कुलमान हा रेल्वेच्या कामातून आलेला जर्मन इंजिनिअर. 1855 मध्ये झुरिकचे पॉलिटेक्निक उघडले तेव्हा तो तिथे प्राध्यापक झाला. लॉगरिदमची कोष्टके उलटत बसण्यापेक्षा ड्रॉइंग बोर्डावर पट्टी-कंपासने उत्तर काढावे, अशी त्याची शिकवण होती, आणि 1866 च्या ‘ग्राफिशे स्टाटिक’ या ग्रंथात ती त्याने मांडली. तुळईतल्या एखाद्या बिंदूवर लांबीच्या दिशेने बेंडिंगचा स्ट्रेस असतो, आडवा जवळजवळ नसतो आणि सोबत शिअर असतो. ही स्थिती कुलमानने एका वर्तुळाने दाखवली. त्याचीच बिंदूगणिक आवृत्ती करून तुळईभर प्रिन्सिपल स्ट्रेसच्या वक्र वाटाही रेखाटल्या.

शाफ्टच्या पृष्ठभागावरची स्थिती हुबेहूब हीच आहे, म्हणून परीक्षेतल्या त्या गणिताचे वर्तुळ खरे तर कुलमानचे. 1881 च्या डिसेंबरात तो वारला. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनच्या ऑटो मोहरने लेख लिहून हे वर्तुळ सर्वसाधारण केले: दोन्ही दिशांचे स्ट्रेस घेतले, तिन्ही मितींसाठी तीन वर्तुळे काढली, आणि लांबी-आकारातल्या बदलांनाही तीच रीत लावली. नाव मोहरचे पडले ते या विस्तारामुळे, आणि ते मला रास्त वाटते. पण कुलमान पाठ्यपुस्तकातून जवळजवळ पुसला गेला, हे खटकते.

आता वर्तुळ काढूनच पाहू. 80 मिलिमीटर व्यासाच्या भरीव शाफ्टवर M = 3 किलोन्यूटन-मीटर आणि T = 4 किलोन्यूटन-मीटर आहे. पृष्ठभागावर बेंडिंगचा स्ट्रेस 32M/πd³, म्हणजे सुमारे 60 मेगापास्कल. टॉर्कचा शिअर 16T/πd³, म्हणजे सुमारे 40. आडव्या अक्षावर सरळ स्ट्रेस, उभ्यावर शिअर. एका पृष्ठाचा बिंदू (60, 40). त्याला काटकोनातल्या पृष्ठावर सरळ स्ट्रेस नाही आणि शिअर उलट बाजूला मांडायचा, म्हणून दुसरा (0, −40). दोन्ही जोडणारी रेषा आडव्या अक्षाला 30 वर छेदते. तोच मध्य. त्रिज्या √(30² + 40²) = 50. वर्तुळ अक्षाला 80 आणि −20 वर छेदते, आणि हेच दोन प्रिन्सिपल स्ट्रेस. वर्तुळाचा माथा 50 वर, तो सर्वांत मोठा शिअर.

वर्तुळावरचा कोन 53.1 अंश भरतो, पण शाफ्टवर प्रिन्सिपल स्ट्रेसची दिशा अक्षापासून त्याच्या निम्म्यावर, 26.6 अंशांवर असते. कारण शाफ्टवर 90 अंशांवरची दोन पृष्ठे वर्तुळावर समोरासमोर, 180 अंशांवर बसतात. मार्क जातात ते बहुधा इथे. किंवा ग्राफ पेपरवर दोन अक्षांना वेगळे स्केल घेतल्याने, कारण मग मोजलेली त्रिज्या आणि कोन दोन्ही खोटे निघतात. उत्तर बरोबर आहे का ते पाहायला दोन सोप्या कसोट्या आहेत: दोन्ही प्रिन्सिपल स्ट्रेसची बेरीज मूळ सरळ स्ट्रेसइतकी, 60, आणि या स्थितीत त्यांचा गुणाकार शिअरच्या वर्गाला उणे चिन्ह लावून येतो, −1600.

आता ती दोन सूत्रे याच आकृतीत दिसतात. वर्तुळाचे उजवे टोक वाचले की पहिले सूत्र मिळते: ½(3 + 5) = 4. मोठ्यात मोठा सरळ स्ट्रेस मर्यादेला पोहोचला की वस्तू जाते, हा विचार ग्लासगोच्या रँकिनच्या नावाने ओळखला जातो. माथा वाचला की दुसरे: √(9 + 16) = 5. हा विचार 1900 मध्ये जेम्स गेस्टने प्रयोगांनी पुढे आणला. पातळ धातूच्या नळ्यांना त्याने ओढ, पीळ आणि आतला दाब एकत्र दिला, आणि यील्ड केव्हा होतो ते टिपले. निर्णायक ठरला तो शिअर. त्याच वर्षी मोहरनेही आपल्या वर्तुळांवरून सामग्री केव्हा निकामी होते याची मांडणी प्रसिद्ध केली.

आपल्या शाफ्टचे पोलाद 250 मेगापास्कलला यील्ड होत असेल, तर रँकिनच्या वाचनाने सुरक्षा गुणांक 250/80, म्हणजे 3.1. गेस्टच्या वाचनाने शिअरची मर्यादा 125, आणि गुणांक 2.5 च. खडू पिळून तोडला तर तो 45 अंशांच्या वळणदार फटीने तुटतो, म्हणजे ठिसूळ पदार्थ ओढीने जातो आणि तिथे रँकिन योग्य. माइल्ड स्टीलच्या शाफ्टला मात्र 3.1 वर विसंबणे धोक्याचे. ‘दोन्हींपैकी मोठा व्यास घ्या’ असे म्हणून गणित सुटते, पण हा फरक समजत नाही.

माथा वाचतानाही एक अट आहे. पातळ दाबपात्राच्या भिंतीत वर्तुळाकार दिशेने 100 आणि लांबीच्या दिशेने 50 मेगापास्कल ओढ असेल, तर या दोघांच्या वर्तुळाची त्रिज्या फक्त 25 येते. पण बाहेरच्या पृष्ठभागावर तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य आहे. 100 आणि 0 वरून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या 50, आणि खरा सर्वांत मोठा शिअर तोच. शाफ्टमध्ये शून्य 80 आणि −20 च्या मध्ये पडत असल्याने तिसरे वर्तुळ न काढताही निभावले.

पुढे 1913 मध्ये फोन मिझेसने दिलेली अट तन्य धातूंच्या प्रयोगांशी गेस्टपेक्षाही जवळून जुळली. आपल्या शाफ्टसाठी ती √(60² + 3 × 40²), म्हणजे सुमारे 92 मेगापास्कल आणि गुणांक 2.7 देते. हा आकडा वर्तुळाच्या कोणत्याही एका बिंदूवर वाचता येत नाही, कारण तो तिन्ही प्रिन्सिपल स्ट्रेसमधल्या फरकांच्या वर्गांतून येतो.