कुट्टाच्या कोष्टकातले उणे एक

अवकल समीकरण पायरीपायरीने सोडवणाऱ्या रुंगे-कुट्टा पद्धतींचे सहगुणक ज्या तक्त्यात मांडतात, त्याला बुचर कोष्टक म्हणतात. कुट्टाची तीन टप्प्यांची पद्धत त्यात अशी दिसते:

```
 0  |
1/2 | 1/2
 1  | -1    2
----+----------------
    | 1/6  2/3  1/6
```

समीकरण y' = f(x, y) आणि पायरीची लांबी h असेल, तर डावीकडचा स्तंभ (c) प्रत्येक टप्पा x वर कुठे आहे ते सांगतो. मधला त्रिकोण (a) आधीच्या टप्प्यांचे उतार किती प्रमाणात घेऊन तिथवर जायचे ते सांगतो, तर तळची ओळ (b) शेवटच्या सरासरीतले भार देते. म्हणजे k1 हा सुरुवातीच्या बिंदूवरचा उतार, k2 हा k1 च्या दिशेने अर्धी पायरी गेल्यावरचा आणि k3 = f(x + h, y - h·k1 + 2h·k2). प्रत्येक ओळीतल्या a ची बेरीज त्या ओळीच्या c इतकी असते. त्यामुळे x लाही y चाच एक घटक मानता येते आणि पुढचा सगळा हिशेब y' = f(y) एवढ्यावर भागतो.

तळची ओळ ओळखीची आहे. वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्याचा सिम्प्सनचा नियम तोच. नवल आहे ते −१ आणि २ यांचे. मध्यबिंदूवरचा ताजा उतार k2 हाताशी असताना त्याच्याच दिशेने पूर्ण पायरी टाकावी, हे कोणालाही सुचेल. त्याऐवजी k2 दुप्पट घेऊन k1 वजा का करायचा? या कोष्टकाची सारी कुळकथा त्या उणे एकात आहे.

कार्ल रुंगे यांनी १८९५ मध्ये क्षेत्रफळाचे नियम अवकल समीकरणांकडे वळवले, कार्ल हॉइन यांनी १९०० मध्ये ती वाट रुंदावली आणि विल्हेल्म कुट्टा यांनी १९०१ मध्ये तिला पद्धतशीर रूप दिले. एवढा इतिहास पाठ्यपुस्तकांतून सहसा मिळतो. त्यातून असा समज होतो, की ही कोष्टके म्हणजे क्षेत्रफळाच्या नियमांचीच संतती. तिसऱ्या कोटीपर्यंतच्या चार अटी तपासल्या, तर हा समज तीन चतुर्थांश खरा ठरतो.

अटी निघतात त्या टेलर श्रेणीतून. खऱ्या उत्तरासाठी y'' = f'f. त्याचे पुन्हा अवकलन करताना ते f' वर तरी पडते किंवा f वर तरी, म्हणून y''' चे दोन तुकडे होतात: f''(f, f) आणि f'f'f. आता प्रत्येक टप्प्याचा विस्तार केला, की मिळते:

```
k_i = f + h c_i f'f
    + h² ( ½ c_i² f''(f,f) + Σ a_ij c_j f'f'f ) + ...
```

याला b_i ने गुणून बेरीज करायची आणि खऱ्या श्रेणीशी तुकड्याला तुकडा जुळवायचा. पहिल्या कोटीला एक, दुसऱ्या कोटीला आणखी एक आणि तिसऱ्या कोटीला आणखी दोन अटी लागतात:

```
Σ b_i = 1
Σ b_i c_i = 1/2
Σ b_i c_i² = 1/3
Σ b_i a_ij c_j = 1/6
```

पहिल्या तिन्ही अटी १, x आणि x² यांचे शून्य ते एक संकलन बिनचूक यावे, एवढेच मागतात. कुट्टाच्या कोष्टकात 1/6 + 2/3 + 1/6 = 1, मग (2/3)(1/2) + (1/6)(1) = 1/2 आणि (2/3)(1/4) + (1/6)(1) = 1/3. इथवर त्रिकोणाला कोणी हातही लावलेला नाही. चौथ्या अटीत मात्र त्रिकोण पहिल्यांदा बोलतो. त्यातले एकच पद शून्य नाही: (1/6)·a32·(1/2). ते 1/6 व्हायचे तर a32 = 2 हवाच. त्या ओळीची बेरीज १ राखायची, म्हणून a31 = −1. सिम्प्सनचे भार आणि हे तीन टप्पे ठरले, की दुसरा पर्यायच उरत नाही.

हीच अट मोडून पाहण्यासारखी आहे. तिसरी ओळ −१, २ ऐवजी ०, १ केली, तर पहिल्या तीन अटींना धक्का लागत नाही, पण चौथी बेरीज 1/12 भरते. y' = f(x) सारख्या निव्वळ संकलनात दोन्ही कोष्टके तंतोतंत तेच उत्तर देतात, त्यामुळे तिथे चाचणी घेणाऱ्याला दोष दिसतच नाही. तो दिसतो y' = y, y(0) = 1 यावर. h = ०.१ घेऊन एक पायरी टाकली, तर खरे उत्तर १.१०५१७०९ आहे. कुट्टाचे कोष्टक १.१०५१६६७ देते, बदललेले १.१०५०८३३. म्हणजे चूक अनुक्रमे सुमारे ०.०००००४ आणि ०.००००८८. h निम्मा केल्यावर कुट्टाची एका पायरीची चूक सुमारे सोळापट घटते, बदललेल्याची आठपटच. कोटी तिसरी की दुसरी, हे ओळखण्याची खात्रीची खूण हीच.

रुंगे यांनाही सिम्प्सनचे भार हवे होते. त्यांनी चार टप्पे वापरले: शेवटच्या दोन्ही टप्प्यांत c = 1, तिसऱ्याचा भार शून्य आणि चौथा टप्पा पूर्णपणे तिसऱ्याच्या उतारावर उभा. चौथी अट तिथे (1/6)·1·1 = 1/6 अशी भागते. कुट्टा यांच्या उणे एकाने तो चौथा टप्पा वाचवला. f ची किंमत हाताने काढण्याच्या काळात ही बचत लहान नव्हती.

मग त्रिकोणाची ही अट कोणाच्या कुळातली? तिचा मूळपुरुष सिम्प्सनकडे न शोधता आर्थर केलींकडे शोधायला हवा. अवकलनाच्या क्रिया एकीवर एक केल्या, की नवी क्रिया आधीच्या कोणत्या घटकावर पडली याची नोंद ठेवावी लागते. केली यांनी १८५७ मध्ये ती वृक्षांच्या आकृत्यांनी ठेवली. f''(f, f) म्हणजे मुळातून फुटलेल्या दोन फांद्या, तर f'f'f म्हणजे एकावर एक चढलेली सरळ साखळी. शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, आर. एच. मर्सन यांनी रुंगे-कुट्टा पद्धतींच्या हिशेबात हे वृक्ष वापरले. न्यूझीलंडचे जॉन बुचर यांनी १९६३ पासून त्यांचे पूर्ण शास्त्र उभारले आणि १९६४ च्या लेखनापासून हे कोष्टक रूढ झाले.

कोष्टक ही केवळ छपाईची सोय, असे मत मांडता येते आणि लांबलचक सूत्रे त्यात आटोपशीर होतात हे खरेच. पण वृक्ष आणि कोष्टक शेजारी ठेवले, की ते मत अपुरे पडते. मुळाला b_i द्यावा, प्रत्येक फांदीला a_ij द्यावा आणि i, j अशा सगळ्या निर्देशांकांवर बेरीज करावी. टोकाच्या फांदीची बेरीज आपोआप c होते. अटीची डावी बाजू तयार झाली. उजवीसाठी प्रत्येक गाठीपाशी ती धरून वर किती गाठी आहेत ते मोजावे, त्या संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याचा व्यस्त घ्यावा. दोन फांद्यांच्या वृक्षाला 3·1·1, म्हणून 1/3. साखळीला 3·2·1, म्हणून 1/6. कोष्टकाचे तीन भाग म्हणजे वृक्षाच्या मूळ, फांद्या आणि टोके यांचीच घरे आहेत. म्हणूनच ही मांडणी टिकली.

चौथ्या कोटीला चार वृक्ष वाढून अटी आठ होतात आणि चार टप्पे पुरतात. पाचव्या कोटीला अटी सतरा होतात, आणि प्रत्येक टप्पा फक्त आधीच्या टप्प्यांवर उभा असेल, तर त्या पाच टप्प्यांत भागत नाहीत, सहा लागतात.