वनस्पतींची जातिविशेषणे

वनस्पतीच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीची ओळख सांगणारा. लिनीअसच्या १७५३ मधील ‘स्पीशीज प्लँटॅरम’पासून ही दोन शब्दांची रीत रूढ झाली. दुसरा शब्द पुष्कळदा लॅटिन किंवा ग्रीक मुळाचा असतो आणि पान, फूल, बी, लव यांपैकी एखादे लक्षण दाखवतो. मात्र ते लक्षण कोणत्या झाडांच्या तुलनेत ठळक ठरले, हे पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ पुरता लागत नाही. पळसाचे नाव हे याचे उत्तम उदाहरण आहे.

पळस म्हणजे ब्यूटिया मोनोस्पर्मा. ग्रीकमध्ये ‘मोनोस’ म्हणजे एक आणि ‘स्पर्मा’ म्हणजे बी. पळसाची चपटी शेंग हातात घेतली, की टोकाशी एकच बी लागते, तीच पळसपापडी. शेंगेचा उरलेला भाग पोकळ, पातळ असून वाऱ्यावर पंखासारखा उपयोगी पडतो. पण पळसवेल, म्हणजे ब्यूटिया सुपर्बा, हिच्याही शेंगेत एकच बी असते. मग एकबीजी हे पळसाचे वेगळेपण कसे?

याचे उत्तर नावाच्या इतिहासात आहे. लामार्कने पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून एरिथ्रिना मोनोस्पर्मा म्हटले. पांगाऱ्याच्या शेंगेत सहसा अनेक बिया असतात, त्यामुळे त्या घरात पळस या एका शब्दाने चटकन वेगळा दिसत होता. पुढे रॉक्सबर्गने त्याला ब्यूटिया फ्रॉन्डोसा हे नाव दिले. ‘फ्रॉन्डोसा’ म्हणजे पानांनी भरलेली. फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर फुललेला पळस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे विशेषण खटकेल. पावसाळ्यातल्या झाडाला मात्र ते शोभते. झाड दुसऱ्या प्रजातीत गेले तरी आधीचे विशेषण सोबत न्यावे, असा नियम आहे. त्यानुसार १८९४ मध्ये टाउबर्टने ब्यूटिया मोनोस्पर्मा हे नाव केले आणि तेच आज ग्राह्य आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सांगते ते त्रिदलाचे लक्षण दोन्ही विशेषणांत आलेले नाही. पांगाऱ्याचे पानही त्रिदलच असते, तेव्हा त्या घरात ते वेगळेपण ठरले नसते.

अवयव सांगणारी विशेषणे अशी झाडापाशी पडताळता येतात. स्थळ सांगणाऱ्यांवर इतके विसंबून राहू नये. चिंचेचे नाव टॅमरिंडस इंडिका, पण ती मूळची आफ्रिकेची. सिला पेरुव्हियाना हा कंद भूमध्य सागराच्या पश्चिम भागातला आहे, पेरूचा नव्हे. अशी नावे बदलत नाहीत: विशेषण वनस्पतीला अयोग्य आहे एवढ्या कारणाने ते टाकता येत नाही, असे वनस्पतिनामांची आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते आणि उदाहरण म्हणून याच सिलाचे नाव देते.