बॅकअप पुनर्स्थापना चाचणी

बॅकअप पुनर्स्थापना चाचणी म्हणजे संगणकीय विदेची (डेटाची) राखीव प्रत, अर्थात बॅकअप, वापरून ती विदा वेगळ्या ठिकाणी प्रत्यक्ष पुन्हा उभी करून पाहण्याची नियमित प्रक्रिया होय. मूळ विदा शाबूत असतानाच ही चाचणी घेतली जाते. त्यामुळे बॅकअपमध्ये दोष असल्यास तो वेळीच उघड होतो आणि मूळ विदा हाताशी असल्याने नवा, निर्दोष बॅकअप घेता येतो. तोच दोष विदा नष्ट झाल्यानंतर आढळल्यास त्यावर उपाय उरत नाही.

बॅकअप घेणे आणि तो पुनर्स्थापित करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली क्रिया रोज आपोआप होते. दुसरीची गरज क्वचितच पडते, म्हणून तिच्यातील उणिवा अनेक महिने लक्षात येत नाहीत. या संदर्भात गिटलॅब या संकेतस्थळावरील २०१७ सालची घटना वारंवार उद्धृत केली जाते, कारण संबंधित कंपनीने तिचा तपशीलवार अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला होता.

## गिटलॅबची घटना (२०१७)

गिटलॅब डॉट कॉम हे संगणक प्रणालींचा स्रोत-संकेत साठवण्याचे आणि त्यावर एकत्रितपणे काम करण्याचे संकेतस्थळ आहे. त्याची माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवलेली होती. एक मुख्य सर्व्हर होता आणि त्याची सतत अद्ययावत होणारी प्रतिकृती दुसऱ्या सर्व्हरवर होती. ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य सर्व्हरवरील भार एकाएकी वाढला, प्रतिकृती मागे पडली आणि अखेर थांबली. ती नव्याने उभारण्यासाठी दुय्यम सर्व्हरवरील विदा आधीच पुसण्यात आली होती. नवी प्रत आणणारी आज्ञा मात्र कोणताही संदेश न देता खोळंबून राहिली. दुय्यम सर्व्हरवर काही उरलेले असावे, अशा समजुतीने एका अभियंत्याने विदेची निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली; पण ती दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर चालली. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी विदेपैकी जेमतेम ४.५ जीबी शिल्लक राहिली होती.

यानंतर बॅकअपचा शोध सुरू झाला. `pg_dump` या साधनाने दर २४ तासांनी एक बॅकअप घेतला जातो आणि तो दूरस्थ साठवणीत पाठवला जातो, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात ती साठवण रिकामी निघाली. डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती, परंतु बॅकअपचे काम ज्या सर्व्हरवर चालत असे, तेथे डेटाबेस नसल्यामुळे `pg_dump` ची ९.२ ही जुनी आवृत्ती आपोआप निवडली जात होती. आपल्याहून नव्या आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत घेण्यास `pg_dump` नकार देते. त्यामुळे हे काम दरवेळी त्रुटी दाखवून थांबत होते. त्या त्रुटींच्या सूचना ई-मेलने पाठवल्या जात. मात्र त्या ई-मेलवर आवश्यक ती प्रमाणीकरणाची स्वाक्षरी नसल्याने पलीकडील सर्व्हर त्या नाकारत होता. बॅकअप घेतला जात नव्हता आणि तो घेतला जात नसल्याची वार्ताही कोणापर्यंत पोहोचत नव्हती.

चकतीच्या तात्कालिक प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, घेण्याची सोय फाइल-सर्व्हरांसाठी सुरू होती, डेटाबेस-सर्व्हरांसाठी नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती एका वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत. भारविभाजनाचा प्रयोग करण्याकरिता त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी मुख्य डेटाबेसचा एक स्नॅपशॉट हाताने घेतला होता. चाचणी-सर्व्हरवरून ती विदा परत आणण्यास तेथील संथ चकत्यांमुळे सुमारे १८ तास लागले. यूटीसी वेळेनुसार सायंकाळी ५:२० ते मध्यरात्र या काळातील नोंदी कायमच्या गमावल्या. कंपनीच्या अंदाजानुसार जास्तीत जास्त ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ बसली. स्रोत-संकेताची भांडारे वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे ती सुरक्षित राहिली.

बॅकअपची चाचणी नियमितपणे का होत नव्हती, या प्रश्नाचे अहवालातील उत्तर असे होते की, हे काम कोणा एकाकडे सोपवलेले नव्हते, त्यामुळे त्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

## फाइल अस्तित्वात असणे पुरेसे का नाही

गिटलॅबच्या प्रकरणात बॅकअपची फाइलच नव्हती. व्यवहारात अनेकदा फाइल असते, पण तिच्यात काही नसते. पुढील आज्ञा लहान कार्यालयांत सर्रास आढळते:

```
pg_dump kacheri | gzip > kacheri.sql.gz
```

येथे पहिली आज्ञा अयशस्वी झाली तरी दुसरी यशस्वी होते आणि एकंदर निकाल नेहमी शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. परिणामी अवघ्या २० बाइटांची, वैध पण रिकामी फाइल तयार होते आणि वेळापत्रकानुसार काम चालवणारी प्रणाली काम पूर्ण झाल्याची नोंद करते. बॅश या आज्ञावली-कवचात `set -o pipefail` ही ओळ आधी लिहिल्यास हा विशिष्ट दोष टळतो. मात्र अशा प्रत्येक दोषाची आधीच कल्पना करणे शक्य नसते. पुनर्स्थापना चाचणीला दोषाचे कारण ठाऊक असावे लागत नाही. विदा परत उभी राहते की नाही, एवढेच ती पाहते.

गिटलॅबच्या बाबतीत अशा चाचणीची पहिलीच पायरी, म्हणजे दूरस्थ साठवणीतून कालची फाइल आणणे, पार पडली नसती. सूचनेचा ई-मेल पोहोचला नसला तरी दोष त्याच दिवशी समजला असता.

## कार्यपद्धती

चाचणी शक्यतो कोऱ्या संगणकावर घेतली जाते. मूळ सर्व्हरवरच चाचणी घेतल्यास काही उणिवा झाकल्या जातात. उदाहरणार्थ, `pg_dump` एका डेटाबेसची विदा साठवते, परंतु त्या सर्व्हरवरील वापरकर्त्यांची नावे आणि परवलीचे शब्द साठवत नाही. मूळ सर्व्हरवर ही नावे आधीपासूनच असल्याने पुनर्स्थापना सुरळीत पार पडते. नव्या संगणकावर ती अडते. या नावांसाठी `pg_dumpall --globals-only` या आज्ञेने वेगळी प्रत घ्यावी लागते. कूटबद्ध बॅकअपच्या किल्लीचेही असेच आहे. किल्ली फक्त मूळ सर्व्हरवरच असेल, तर सर्व्हरबरोबर तीही नष्ट होते आणि बॅकअप शाबूत असूनही उघडता येत नाही.

पोस्टग्रेसच्या `-Fc` या प्रकारात घेतलेल्या बॅकअपची चाचणी, वापरकर्त्यांची नावे पुनर्स्थापित केल्यानंतर, पुढीलप्रमाणे घेता येते. यातील `nondi` हे तक्त्याचे नाव आणि `vel` हे नोंदीच्या वेळेच्या स्तंभाचे नाव उदाहरणादाखल आहे.

```
createdb -T template0 chachani
time pg_restore --exit-on-error -d chachani kacheri.dump
psql -d chachani -c "SELECT count(*), max(vel) FROM nondi;"
```

पहिली ओळ रिकामा डेटाबेस तयार करते. दुसऱ्या ओळीतील `--exit-on-error` हा पर्याय महत्त्वाचा आहे, कारण तो नसल्यास `pg_restore` त्रुटी आल्यावरही पुढे जात राहते आणि शेवटी त्रुटींची संख्या सांगते. `pg_restore --list` ही आज्ञा याला पर्याय ठरत नाही. ती फाइलची अनुक्रमणिका वाचते, आतील विदा वाचत नाही.

तिसऱ्या ओळीचा निकाल अर्थ लावून वाचावा लागतो. बॅकअप पहाटे २ वाजता सुरू झाला असेल, तर त्यातील सर्वांत अलीकडची नोंद त्याच्या किंचित आधीची असावयास हवी. ती तीन आठवड्यांपूर्वीची निघाल्यास जुनीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवली जात आहे किंवा भलत्याच डेटाबेसची प्रत घेतली जात आहे, असे अनुमान निघते. नोंदींच्या संख्येची तुलना मागील चाचणीशी करतात. ज्या तक्त्यात नोंदींची भरच पडते, त्यातील संख्या घटल्यास कारण शोधावे लागते. त्यानंतर संबंधित कामाची माहिती असलेली व्यक्ती ओळखीच्या काही नोंदी प्रणालीतून उघडून पाहते. जोडलेल्या फाइली डेटाबेसबाहेर साठवल्या जात असतील, तर नोंद दिसते पण जोडपत्र उघडत नाही, ही उणीव याच पायरीवर उघड होते.

दुसऱ्या ओळीच्या प्रारंभीचा `time` हा शब्द पुनर्स्थापनेस लागलेला वेळ सांगतो. फाइल दूरस्थ साठवणीतून आणण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. काम किती तास बंद राहिलेले चालेल, याची मर्यादा संस्थेने ठरवलेली असल्यास तिची तुलना या बेरजेशी करता येते. गिटलॅबला लागलेल्या १८ तासांपैकी बराचसा वेळ विदा एका चकतीवरून दुसरीकडे नेण्यातच गेला होता.

## वारंवारता आणि जबाबदारी

सीआयएस कंट्रोल्स या सुरक्षा-नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत निवडक प्रणालींची पुनर्स्थापना दर तिमाहीत किंवा त्याहून अधिक वेळा तपासावी, असे सांगितले आहे. वरील तीन आज्ञा, दरवेळी आधीचा `chachani` डेटाबेस काढून टाकून, वेळापत्रकानुसार रोजही चालवता येतात; कोऱ्या संगणकावरील संपूर्ण चाचणी मात्र माणसांच्या देखरेखीखाली ठरावीक काळाने घेतली जाते. डेटाबेसची आवृत्ती, बॅकअपचे साधन किंवा साठवणीचे ठिकाण बदलल्यास नियत तारखेची वाट न पाहता चाचणी घेणे श्रेयस्कर ठरते.

स्वयंचलित चाचणीची सूचना केवळ अपयश आल्यावर पाठवण्याची पद्धत सदोष आहे, कारण चाचणीच बंद पडली किंवा सूचना पोहोचली नाही, तरी शांतताच राहते. म्हणून यशस्वी चाचणीची नोंद ठेवली जाते आणि ठरलेल्या मुदतीत ती न दिसल्यास दुसरी, स्वतंत्र यंत्रणा इशारा देते. ही नोंद पाहण्याचे काम नावानिशी एका व्यक्तीकडे आणि तिच्या अनुपस्थितीत दुसरीकडे सोपवले जाते. घटनेनंतर गिटलॅबने केलेल्या सुधारणांच्या यादीत पुनर्स्थापनेची स्वयंचलित चाचणी आणि विदेच्या टिकाऊपणासाठी जबाबदार व्यक्तीची नेमणूक या दोहोंचा समावेश होता.

## धोके आणि मर्यादा

पुनर्स्थापित प्रतीत खरी विदा असते. तिच्याशी जोडलेली प्रणाली चालू केल्यास ती ग्राहकांना जुनी स्मरणपत्रे किंवा देयके पुन्हा पाठवू शकते. म्हणून चाचणी-संगणकाचा बाहेरील संपर्क आधी तोडतात. वैयक्तिक माहिती असल्यास चाचणीनंतर ती प्रत नष्ट केली जाते. पुनर्स्थापनेची आज्ञा चुकून मूळ सर्व्हरवर चालण्याचा धोकाही असतो. तो टाळण्यासाठी चाचणी-संगणकाला मूळ सर्व्हरवर लिहिण्याचा अधिकारच दिला जात नाही.

यशस्वी चाचणी त्या विशिष्ट प्रतीपुरतीच ग्वाही देते; नंतरच्या प्रतींविषयी तिच्यावरून केवळ अंदाज बांधता येतो. मूळ विदेतच चुकीची नोंद झालेली असल्यास ती चूक बॅकअपमध्ये जशीच्या तशी उतरते आणि पुनर्स्थापनाही निर्विघ्न पार पडते. असा दोष शोधण्यासाठी विदेची स्वतंत्र पडताळणी करावी लागते आणि दुरुस्तीसाठी जुन्या तारखांच्या प्रती जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.

## हेही पाहा

* बॅकअप
* डेटाबेस
* पोस्टग्रेस
* आपत्ती व्यवस्थापन